थर्मोस्टॅटवरचे 20 अंश समीकरणात नेमके कुठे असतात?

प्रश्न: हीटर असलेल्या खोलीसाठी पहिल्या कोटीचं अवकल समीकरण मांडलं आणि सोडवलं. बाहेर 5 अंश असताना उत्तर 30 अंशांकडे जातं. पण थर्मोस्टॅट 20 वर लावला आहे आणि माझ्या उत्तरात 20 हा आकडा कुठेच येत नाही. मग खोली 20 अंशांवर राहते कशी? आणि हीटर किती वेळ चालू, किती वेळ बंद, हे कागदावर कसं काढायचं?

उत्तर:

तुमचं उत्तर चुकलेलं नाही, ते फक्त अर्धं आहे. 20 हा आकडा समीकरणात नसतोच. तो असतो एका समीकरणावरून दुसऱ्यावर कधी उडी मारायची, या अटीत. थर्मोस्टॅटची खोली म्हणजे दोन वेगवेगळी समीकरणं आळीपाळीने चालवणं. एक हीटर चालू असतानाचं, दुसरं बंद असतानाचं. दोन्ही साधी आहेत, दोन्ही आपापल्या अंतिम तापमानाकडे निघालेली असतात आणि दोघांपैकी कुणीही तिथे पोहोचत नाही.

मांडणी एकदा आकड्यांसह करू, म्हणजे पुढचं सगळं त्याच खोलीवर तपासता येईल. हीटर P = 2000 वॅटचा. खोलीतून बाहेर जाणारी उष्णता, म्हणजे भिंती, काचा आणि फटींतून जाणारी हवा मिळून, दर अंश फरकाला G = 80 वॅट. खोली एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता C = 576 किलोज्यूल. बाहेरचं तापमान To = 5 अंश. उष्णतेचा हिशेब असा:

```
C · dT/dt = P − G·(T − To)      (हीटर चालू)
C · dT/dt =   − G·(T − To)      (हीटर बंद)
```

दोन्हीकडे G ने भागा आणि C/G ला τ म्हणा. हा कालस्थिरांक. 576000 भागिले 80 म्हणजे 7200 सेकंद, म्हणजे 2 तास. एककांचा घोटाळा होतो तो इथेच: वॅट म्हणजे सेकंदाला ज्यूल, त्यामुळे τ आधी सेकंदांतच निघतो. तासांत आणायचा तर 3600 ने भागायला विसरू नका. आता दोन्ही समीकरणं एकाच साच्यात बसतात:

```
dT/dt = (T∞ − T) / τ

चालू:  T∞ = To + P/G = 5 + 25 = 30
बंद:   T∞ = To = 5
```

उजवीकडचं स्थिर पद, म्हणजे हीटरची स्थिर उष्णता, समीकरणाचं रूप बदलत नाही. ते फक्त अंतिम तापमान वर सरकवतं. म्हणून T∞ पासूनचं अंतर हाच खरा चल धरा. t वेळाने ते अंतर सुरुवातीच्या e^(−t/τ) पट उरतं, बस. वेगळं पूरक उत्तर, वेगळं विशेष उत्तर, मग स्थिरांक, असा सगळा सोपस्कार करायला हरकत नाही, पण थर्मोस्टॅटच्या गणितात दर वेळी तो करत बसलात तर हात दुखतील. त्याऐवजी एकच सूत्र जवळ ठेवा. तापमान Ta पासून Tb पर्यंत जायला लागणारा वेळ:

```
t = τ · ln( (T∞ − Ta) / (T∞ − Tb) )
```

इथे P, G आणि C यांपैकी कोण काय काम करतं ते पाहून घ्या. P बदलला तर फक्त अंतिम तापमान बदलतं, वेग ठरवणारा τ तसाच राहतो. C बदलली तर फक्त τ बदलतो, अंतिम तापमान तेच. G मात्र दोन्हीकडे हात घालतो. पुढे खिडकी उघडण्याचं उदाहरण येईल तेव्हा हे उपयोगी पडेल.

आता एक पूर्ण फेरा

थर्मोस्टॅट 20 वर लावला म्हणजे तो बरोबर 20 वर चालू-बंद होत नाही. त्याला एक पट्टा असतो. आपण धरू की तापमान 21 ला पोहोचलं की हीटर बंद होतो आणि 19 ला उतरलं की चालू होतो. मधे काहीही असलं तरी आधीची स्थिती कायम राहते. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. 20 अंशांवर हीटर चालू आहे की बंद, हे केवळ तापमानावरून सांगता येत नाही, आधी काय चाललं होतं ते लक्षात ठेवावं लागतं.

खोली सुरुवातीला बाहेरइतकीच गार, 5 अंश. हीटर चालू. 21 पर्यंत चढायला:

```
t = 2 · ln( (30−5)/(30−21) ) = 2 · ln(25/9) ≈ 2.04 तास
```

21 ला हीटर बंद झाला. इथे घड्याळ पुन्हा शून्यावर आणा आणि सुरुवातीचं तापमान 21 धरा. पुष्कळ जण या ठिकाणी जुनाच t पुढे चालवतात किंवा सुरुवातीची अट म्हणून पुन्हा 5 टाकतात आणि मग आलेख तुटलेला दिसतो. तापमान कधीही उडी मारत नाही, उडी मारतो तो उतार. आता बंद अवस्थेत 21 वरून 19 वर:

```
t = 2 · ln( (5−21)/(5−19) ) = 2 · ln(16/14) ≈ 0.267 तास ≈ 16 मिनिटं
```

आणि पुन्हा चालू, 19 वरून 21:

```
t = 2 · ln( (30−19)/(30−21) ) = 2 · ln(11/9) ≈ 0.401 तास ≈ 24 मिनिटं
```

यानंतर हाच 40 मिनिटांचा फेरा चालू राहतो: 24 मिनिटं चालू, 16 बंद. तुमच्या प्रश्नातल्या 20 चं उत्तर इतकंच. चालू असताना खोली 30 कडे निघते पण 21 ला अडवली जाते. बंद असताना 5 कडे निघते पण 19 ला अडवली जाते.

लॉग बरोबर आलाय की नाही हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. पट्टा अरुंद असतो, म्हणून त्यातला वक्र जवळजवळ सरळ रेषाच असतो. मधल्या 20 अंशांवरचे उतार काढा. चालू असताना (30−20)/2, म्हणजे तासाला 5 अंश वर. बंद असताना (20−5)/2, म्हणजे तासाला साडेसात अंश खाली. दोन अंश चढायला 24 मिनिटं, दोन अंश उतरायला 16 मिनिटं. लॉगशिवाय तेच उत्तर आलं. या दोन पद्धतींत मोठा फरक दिसला तर एक तर पट्टा खूप रुंद आहे, नाहीतर आकडेमोडीत गडबड आहे.

हीटर किती टक्के वेळ चालतो

40 मिनिटांपैकी 24, म्हणजे 0.6. हा आकडा लॉगमधून निघाला खरा, पण त्यासाठी लॉगची गरजच नव्हती. एका पूर्ण फेऱ्यात खोली 19 वरून निघते आणि 19 वरच परत येते. म्हणजे खोलीत साठलेल्या उष्णतेत निव्वळ फरक शून्य. जेवढी उष्णता हीटरने दिली तेवढीच बाहेर गेली. चालू वेळेचं प्रमाण d म्हटलं तर:

```
d · P = G · (Tसरासरी − To)
d = (20 − 5) / 25 = 0.6
```

पहिली ओळ अंदाज नाही, तंतोतंत खरी आहे. अंदाज इतकाच की सरासरी तापमान पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे 20 ला धरलं. आपल्या खोलीत ती 20.01 च्या आसपास निघते, त्यामुळे काही बिघडत नाही.

या ओळीत C कुठेच नाही, हे पाहून विद्यार्थी नेहमी चमकतात. खोली जड असो वा हलकी, 20 अंश टिकवून ठेवायला सरासरी 1200 वॅटच लागतात. C ठरवते ती फक्त फेऱ्याची लांबी. समजा C मध्ये नुसती हवाच धरली. 4 × 4 × 3 मीटरच्या खोलीत 48 घनमीटर हवा, सुमारे 58 किलो, म्हणजे अंशाला सुमारे 58 किलोज्यूल. आपण घेतलेल्या आकड्याच्या एक दशांश. मग τ बारा मिनिटांचा होतो आणि फेरा 4 मिनिटांचा. प्रमाण मात्र तेच 0.6. प्रत्यक्ष खोलीत फर्निचर, गिलावा आणि भिंतीचा आतला थर हवेबरोबर तापतो-निवतो, म्हणून मी C दहापट घेतली. पुस्तकातल्या बऱ्याच उदाहरणांत फक्त हवेची C घेतात आणि मग हीटर मिनिटामिनिटाला टकटक करताना दिसतो. त्या उत्तरांवर विश्वास ठेवू नका.

पट्टा शून्य केला तर?

हा प्रश्न गमतीचा आहे आणि परीक्षेत कुणी विचारत नाही. फेरा साधारणपणे पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात असतो. आपल्या खोलीत प्रत्येक अंश रुंदीला 20 मिनिटं. अर्ध्या अंशाचा पट्टा ठेवला तर फेरा 10 मिनिटांचा, दशांश अंशाचा ठेवला तर 2 मिनिटांचा. रुंदी शून्य केली तर फेराही शून्य, म्हणजे हीटर अनंत वेळा चालू-बंद.

गणितात हे असं दिसतं. "20 च्या खाली चालू, 20 ला आणि वर बंद" अशी अट ठेवली, तर 20 वर पोहोचल्यावर उतार काय? वर सरकलं तर उतार −7.5, म्हणजे परत खाली. खाली सरकलं तर +5, म्हणजे परत वर. 20 वरच थांबायचं तर उतार शून्य हवा, आणि दोन्ही समीकरणांपैकी एकही तिथे शून्य उतार देत नाही. म्हणजे नेहमीच्या अर्थाने उत्तरच उरत नाही. उतार शून्य यायला हीटर 0.6 इतका चालू असावा लागेल, आणि चालू-बंद हीटर तसा असूच शकत नाही. पट्टा हा रिलेचे संपर्क वाचवण्यासाठी असतो हे खरंच, पण समीकरणाला उत्तर असावं म्हणूनही तो लागतो.

संगणकावर चालवून पाहायचं असेल तर एवढं पुरे. `on` ला मधल्या पट्ट्यात हात लावलेला नाही, हे पाहा:

```python
T, on, dt = 5.0, True, 1/60     # dt तासांत
for n in range(6 * 60):
    if T >= 21:
        on = False
    elif T <= 19:
        on = True
    T += dt * ((30 if on else 5) - T) / 2
    print(n + 1, round(T, 2), on)
```

पायरी एका मिनिटाची घेतली आहे. ती 15 मिनिटांची केली तर थर्मोस्टॅट दर 15 मिनिटांनीच तापमान बघतो, तोवर खोली 21 च्या वर एखादा अंश जाऊ शकते आणि 19 च्या खाली पावणेदोन अंशांपर्यंत. मग फेरा लांबलेला दिसतो आणि दोष समीकरणाला दिला जातो.

लॉग ऋण संख्येचा आला तर

सूत्रात ऋण संख्येचा लॉग आला की घाबरून चिन्हं बदलू नका. ते सूत्र तुम्हाला काहीतरी सांगत असतं. बाहेरचं तापमान −5 झालं तर चालू अवस्थेचं अंतिम तापमान 20. मग 19 वरून 21 ला जाण्याचा वेळ 2·ln(1/(−1)). याचा अर्थ खोली 21 ला कधीच पोहोचणार नाही. हीटर बंदच होणार नाही आणि तापमान 20 ला टेकून राहील. आपल्या खोलीची सीमा −4 अंश. तिथे अंतिम तापमान नेमकं 21 येतं आणि वेळ अनंत. −4 च्या किंचित वर, समजा −3 ला, गणित चालतं, पण चालू वेळ 2·ln(3/1), म्हणजे जवळजवळ 2 तास 12 मिनिटं होते. चालू वेळ अशी ताणली जाऊ लागली की हीटर अपुरा पडतोय हे ओळखावं.

बाहेर पहिल्यासारखे 5 अंश असताना खिडकी उघडली तरी हेच होतं. तासाला पाचदा खोलीतली हवा बदलू लागली तर त्या हवेमुळेच G मध्ये सुमारे 80 वॅट प्रति अंशाची भर पडते. G झाला 160. अंतिम तापमान 5 + 2000/160, म्हणजे 17.5. हे 19 च्याही खाली, त्यामुळे हीटर अखंड चालू. शिवाय τ निम्मा, एक तास. खोली वाईट तापमानाकडे जाते आणि दुप्पट लगबगीने जाते.

आणि हो, गार खोलीत आल्यावर लवकर ऊब यावी म्हणून थर्मोस्टॅट 26 वर फिरवायची सवय. 5 वरून 19 ला यायला 2·ln(25/11), म्हणजे 1 तास 38 मिनिटांच्या आसपास, सेटिंग 20 असो वा 26. चढतीच्या समीकरणात सेटिंग नाहीच, तर ती वेग कसा वाढवणार? (हीटरची शक्तीच कमी-जास्त करणारं नियंत्रण असेल तर गोष्ट वेगळी. इथे चालू-बंद थर्मोस्टॅटच धरला आहे.)

खऱ्या खोलीत τ कसा मोजायचा आणि कुठे फसतो

हीटर बंद करा, दर पाच मिनिटांनी आतलं तापमान नोंदवा, बाहेरचंही नोंदवा. ln(T − To) हा वेळेसमोर काढा. सरळ रेषा आली तर तिचा उतार −1/τ. आपल्या कल्पित खोलीत 21 वरून सुरू केलं तर अर्ध्या तासाने 17.5 आणि तासाने 14.7 दिसायला हवं.

प्रत्यक्षात रेषा बहुतेकदा सरळ येत नाही. पहिली काही मिनिटं ती झपाट्याने उतरते, मग उतार मंदावतो. कारण हवा पटकन निवते आणि भिंती सावकाश. म्हणजे तिथे एक कालस्थिरांक नाही, निदान दोन आहेत, आणि पहिल्या कोटीचं समीकरण दोन्ही एकदम धरू शकत नाही. अशा वेळी मी नंतरचा, मंद भाग रात्रभराच्या निवण्यासाठी वापरतो. थर्मोस्टॅटच्या फेऱ्यासाठी मात्र तो चालत नाही. 20-40 मिनिटांच्या फेऱ्यात भिंतीचा फक्त वरचा थर भाग घेतो, त्यामुळे तिथे लागणारी C लहान असते. एकाच खोलीला कामाप्रमाणे दोन वेगळ्या C लावाव्या लागतात, हे पचायला थोडं जड जातं, पण आकडे तसेच येतात. नोंदीच्या वेळी ऊन किंवा माणसं खोलीत असतील तर T∞ बाहेरच्या तापमानाएवढं राहत नाही, तेव्हा ती नोंद टाकून द्या.

दुसरी खूण शिखराची. पहिल्या कोटीच्या उत्तरात हीटर बंद झाल्याक्षणी तापमान उतरायला लागलं पाहिजे, शिखर टोकदार. तुमच्या नोंदीत शिखर गोल दिसलं आणि बंद झाल्यावरही तापमान थोडं चढत राहिलं, तर उष्णता आणखी कुठेतरी साठली आहे. तेल भरलेल्या हीटरमध्ये हे हमखास होतं. थर्मोस्टॅटचा संवेदक स्वतः उशिरा तापत असेल तरी खोली पट्ट्याबाहेर जाते.

या उशिराचा हिशेब जुन्याच उतारांनी करता येतो. थर्मोस्टॅटला सगळं 2 मिनिटं उशिरा कळतं असं धरा. 21 जवळ चढती तासाला साडेचार अंश, म्हणून खोली 21.15 ला जाते. 19 जवळ उतरती तासाला 7 अंश, म्हणून ती 18.77 ला उतरते. प्रत्यक्ष पट्टा 2.38 अंशांचा झाला. चालू वेळ सुमारे 28 ते 29 मिनिटं, बंद वेळ 19 मिनिटं, फेरा 40 ऐवजी 48 च्या जवळ. चालू वेळेचं प्रमाण मात्र जिथल्या तिथे, 0.6. तेव्हा नोंदीत फेरा लांब आणि प्रमाण बरोबर दिसलं, तर P आणि G ला हात लावू नका. C किंवा हा उशीर, या दोनपैकी कोण ते शिखराच्या आकारावरून ठरवा.